कोडमधील चौकटी का विस्कटतात?

अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचे हैदराबाद केंद्र नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. त्याचे संकेतनाम `ap-south-2`. मुंबईच्या जुन्या केंद्राचे `ap-south-1`. समजा, एखाद्या प्रोग्राममध्ये मुंबईतील माहितीची प्रत हैदराबादला पाठवायची आहे. हा प्रवाह पुढे काम करणाऱ्याला कळावा म्हणून प्रोग्रामर कोडमधील टिपणातच असे चित्र रेखाटतो:

```
// +------------+  copy   +------------+
// | ap-south-1 |-------->| ap-south-2 |
// +------------+         +------------+
```

हे चित्र म्हणजे केवळ अक्षरे आणि रिकाम्या जागा. प्रत्येक अक्षर समान रुंदीचे असलेल्या फाँटमध्येच ते जुळते. मात्र असा फाँट असूनही चौकटी विस्कटतात, आणि त्याचे पहिले कारण असते टॅबची कळ.

टॅब म्हणजे ठरावीक संख्येच्या रिकाम्या जागा नव्हेत. ती पुढच्या थांब्यापर्यंतची उडी असते. वरील तिसऱ्या ओळीत डावी चौकट १७ अक्षरांवर संपते आणि उजवी २६ अक्षरांनंतर सुरू होते. मधल्या नऊ जागांऐवजी एक टॅब व दोन जागा दिल्या, तर दर आठ अक्षरांवर थांबे असलेल्या संपादकात टॅब २४ वर पोहोचते आणि चित्र अचूक दिसते. थांबे चार-चार अक्षरांवर असतील, तर तीच टॅब २० वर थांबते आणि हैदराबादच्या चौकटीची खालची कड चार घरे डावीकडे सरकते. लिहिणाऱ्याच्या पडद्यावर मात्र हा दोष दिसतच नाही.

दुसरे कारण आपल्या लिपीचे. ‘मुंबई’ या शब्दात संगणक पाच चिन्हे मोजतो, डोळ्यांना मात्र तीनच अक्षरे दिसतात. त्यांची रुंदी प्रत्येक संपादक आपापल्या परीने ठरवतो. म्हणून चौकटीतील नावे रोमन अक्षरांत ठेवावीत आणि मराठी स्पष्टीकरण चित्राखाली लिहावे.

तिरप्या रेषेचा धोका याहून गंभीर आहे. सी भाषेत `//` ने सुरू झालेल्या टिपणाची ओळ `\` या चिन्हाने संपली, तर पुढची ओळही टिपणाचाच भाग ठरते. ती ओळ कोडची असेल, तर चित्र नीटनेटके दिसते, पण ते कोड चालतच नाही. जीसीसी कंपायलरला `-Wall` हा पर्याय दिल्यास तो याबद्दल इशारा देतो. अशी तिरपी रेषा ओळीच्या शेवटी येऊ न देणे हा सोपा उपाय.

उरलेली तपासणी एका आज्ञेने होते:

```
grep -nP '[^\x20-\x7E]' file.c
```

टॅब किंवा रोमनेतर अक्षर असलेल्या ओळी ती क्रमांकासह दाखवते. त्यांत चित्राची एकही ओळ नसेल, तर समान रुंदीच्या फाँटमध्ये ते चित्र कोणत्याही संपादकात जुळलेलेच दिसेल.