आजीला समजेल असा दवाखान्याचा कागद



दवाखान्यातून सुट्टी मिळताना रुग्णाच्या हातात डिस्चार्ज कार्ड येते. त्यावर आजाराचे नाव, तपासण्यांचे आकडे, औषधांची यादी आणि खाली दोन-तीन ओळी सूचना असतात. हे कार्ड पुढच्या डॉक्टरांसाठी लिहिलेले असते, आणि तसेच असायला हवे. पण सातपुड्याच्या पाड्यावर राहणारी, कधी शाळेत न गेलेली, घरी पावरी बोलणारी आजी त्या कार्डाचे काय करणार? ती ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छपराच्या वाशाला टांगून ठेवते. कार्ड जपले जाते, पण पाळले जात नाही.

आपल्यापैकी बरेच जण रुग्णांना भेटायला जातात, त्यांना दवाखान्यात नेतात, परत आणतात. म्हणून असा कागद सोपा कसा करायचा, ते एका उदाहरणातून पाहू.

कार्डावर काय होते

समजा, सत्तरीच्या आसपासच्या एका आजीला हृदय कमजोर झाल्यामुळे दाखल केले होते. पाय सुजले होते, छातीत पाणी साचून धाप लागत होती. आठ दिवसांनी त्या घरी निघाल्या. कार्डावर तीन औषधे होती: फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम, १-०-०, एनालाप्रिल २.५ मिलिग्रॅम, १-०-१. मेटोप्रोलॉल २५ मिलिग्रॅम, १-०-०. खाली लिहिले होते: "मीठ कमी, पाणी दिवसाला दीड लिटर, रोज वजन, एक आठवड्याने दाखवणे, त्रास झाल्यास लगेच येणे."

यातला एकही शब्द चुकीचा नाही. पण १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे ज्याला सांगितले आहे त्यालाच कळते. आजीच्या घरात लिटर नाही, वजनकाटा नाही. आणि "त्रास" म्हणजे कोणता? धाप तर त्यांना वर्षभर लागतच होती.

औषधांची नव्हे, वेळेची यादी

कार्डावर औषधांप्रमाणे यादी असते. आजीचा दिवस मात्र वेळेप्रमाणे चालतो. म्हणून पहिले काम म्हणजे यादी उलटी मांडणे. वरची तीन औषधे वेळेने मांडली की एवढेच उरते: सकाळी तीन गोळ्या, दिवस मावळला की एक गोळी. दुपारी काही नाही.

वेळ घड्याळाने सांगू नये. "सकाळी आठ वाजता" यापेक्षा "गुरे सोडली, भाकरी खाल्ली, की तीन गोळ्या" हे लक्षात राहते. रोज न चुकता होणाऱ्या कामाला गोळी बांधली की ते कामच आठवण करून देते.

दोन पाकिटे घ्यावीत. एकावर उगवता सूर्य, दुसऱ्यावर चंद्र काढावा. पण चित्र काढले म्हणजे कळले असे समजू नये. शाळेत न गेलेल्या माणसाला चित्र वाचायचीही सवय नसते. अर्धा सूर्य कुणाला भाकरीसारखा दिसतो, आणि फुलीचा अर्थ "नको" असा होतो हेही सगळ्यांना ठाऊक नसते. आधी विचारावे, "आजी, हे काय दिसतं?" त्या जे सांगतील तेच चित्र ठेवावे. कोंबडा म्हणाल्या तर कोंबडा काढावा.

गोळीच्या रंगावर कधीही विसंबू नये. "पांढरी सकाळी" असे सांगितले आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली, तर सगळा घोळ होतो. शिवाय घरी जुन्या गोळ्या असतात. एकच औषध दोन नावांनी घरात असले, तर आजी दोन्ही घेतात आणि रक्तदाब उतरून चक्कर येऊन पडतात. म्हणून सुट्टीच्या दिवशीच नातवाला घरची सगळी औषधे घेऊन बोलवावे. कोणती चालू ठेवायची आणि कोणती बंद, हे सिस्टर किंवा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

प्रत्येक गोळीचे कारण एका वाक्यात सांगावे. फ्युरोसेमाइड म्हणजे "लघवीची गोळी": ती अंगातले जास्तीचे पाणी बाहेर काढते. ती सकाळीच का, हेही सांगावे. संध्याकाळी घेतली तर रात्री अंधारात पुन्हा पुन्हा बाहेर जावे लागेल आणि पडायची भीती. कारण कळले की वेळ आपोआप पाळली जाते. कारण न कळल्यास काय होते? सूज उतरली, आता बरे वाटते, म्हणून गोळी बंद. या आजारात बरे वाटते ते गोळ्या चालू असतात म्हणून, हे वाक्य दोनदा सांगावे लागते.

दीड लिटर म्हणजे किती तांबे

माप आजीच्या घरातलेच हवे. त्यांचा तांब्या दवाखान्यात मागवून घ्यावा आणि लिटरच्या बाटलीने भरून पाहावा. आपल्या उदाहरणात तांब्या भरल्यावर बाटलीत पाव भाग पाणी उरले, म्हणजे तांब्यात पाऊण लिटर मावते. दीड लिटर म्हणजे असे दोन तांबे.

पण चहा, पेज, डाळीचे पाणी हेही त्यातच धरायचे असते. हे मोजणे अवघड, म्हणून एक सोपी रीत आहे. सकाळी दोन तांबे पाणी आजीच्या वेगळ्या भांड्यात भरून ठेवायचे. चहा किंवा पेज घेतली की त्याच कपाने तेवढे पाणी भांड्यातून काढून टाकायचे. भांडे रिकामे झाले की आजचे पाणी संपले. मात्र जुलाब, उलट्या सुरू झाल्या किंवा कडक उन्हात फार घाम गेला, तर हा नियम तसाच ओढू नये. अशा वेळी लघवीची गोळीही अंग कोरडे करते. त्याच दिवशी फोन करून विचारावे.

मिठाचेही तसेच. "मीठ कमी" म्हटले की घरचे वरून मीठ घेणे थांबवतात, पण बाजारातून आणलेली सुकट, लोणचे आणि पापड चालूच राहतात. खरे मीठ तिथे असते. सांगायचे ते नाव घेऊन: "सुकट नको, लोणचे नको, पापड नको. आजीची भाजी मीठ घालण्याआधी बाजूला काढा आणि तिच्यात चिमूटभरच घाला." हे सुनेला सांगायला हवे, कारण चूल तिच्याकडे आहे.

आणखी एक गोष्ट कार्डावर अनेकदा नसते. गुडघे दुखले की दुकानातून दुखण्याची गोळी आणली जाते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. या आजारात आठवड्यात पुन्हा दाखल व्हायला तेवढे पुरते. "दुखण्याची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय नको" हे त्या कागदावर हवेच.

"त्रास" कसा ओळखायचा

डॉक्टरांनी सांगितलेला वजनाचा नियम साधारण असा असतो: दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगातले पाणी आहे. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात मोठ्यांचा काटा असेल, तर आशाताईंशी बोलून ठरलेल्या दिवशी वजन करावे. रोज काटा नसेल तर घरातल्या खुणा वापराव्यात. त्या आजींकडूनच काढून घ्याव्यात.

फोन करायच्या खुणा: पायातले कडे घट्ट होऊ लागले, नडगीवर बोट दाबले तर खळगा तसाच राहतो, कालपर्यंत हातपंपापर्यंत जात होत्या, आज मध्येच थांबावे लागते, झोपायला एका उशीच्या जागी दोन लागतात, उठल्यावर चक्कर येते.

लगेच गाडी बोलवायच्या खुणा: आडवे होताच येत नाही, बसल्या जागी धाप लागते, छातीत दुखते, शुद्ध हरपते. तेव्हा १०८ ला फोन. पाड्यावर नेटवर्क नसेल तर कोणत्या टेकाडावर लागते आणि फोन कुणाकडे आहे, हेही आधीच ठरवावे. दोनच पायऱ्या ठेवाव्यात. तिसरी आली की गोंधळ होतो.

समजले का, हे कसे पाहायचे

"आजी, समजलं का?" असे विचारले की उत्तर नेहमी "हो बाई" असेच येते. मोठ्या माणसांसमोर "नाही" म्हणणे त्यांना बरे वाटत नाही. म्हणून प्रश्न बदलावा: "आजी, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल?" यात परीक्षा सांगणाऱ्याची होते, आजीची नाही.

उदाहरणातल्या आजी म्हणाल्या, "सकाळी तीन, रात्री एक. आणि पाणी नाही प्यायचं." पहिले बरोबर, दुसरे चुकले. दोन तांबे हा त्यांना बंदी वाटला होता. यावर तेच वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणू नये, सांगण्याची रीत बदलावी. भांडे समोर ठेवून भरून दाखवावे आणि म्हणावे, "एवढं प्यायचंच आहे. याच्यापुढे नाही." मग त्यांनाच भरायला लावावे. गोळ्याही त्यांच्या हातांनी पाकिटातून काढून घ्याव्यात. बोटांनी पट्टी फुटत नसेल तर ते तिथेच कळते.

एका वेळी दोन-तीनच गोष्टी सांगाव्यात. सुट्टीच्या सकाळच्या गडबडीत नाही, तर दोन दिवस आधीपासून. गोळ्या एका दिवशी, पाणी-मीठ दुसऱ्या दिवशी, खुणा शेवटी. बोलणे शक्यतो पावरीतच व्हावे. आपल्याला येत नसेल तर घरच्या माणसाला दुभाषा करावे, पण उत्तर आजींच्याच तोंडून घ्यावे.

आपण कुठे थांबायचे

आपण केलेला सोपा कागद आजींना देण्याआधी सिस्टर किंवा डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे. आपण शब्द बदलतो, डोस नाही. मूळ कार्ड त्याच पिशवीत राहू द्यावे, कारण पुढच्या दवाखान्याला तेच लागते.

पहिली घरभेट तीन-चार दिवसांत करावी. पाकिटातल्या गोळ्या मोजाव्यात, पाण्याचे भांडे कुठे आहे ते पाहावे, नडगीवर बोट दाबावे, आणि आठवड्याने दाखवायला कोणत्या बाजाराच्या दिवशी, कुणाच्या गाडीने जायचे ते ठरवून यावे. गोळ्या जास्त उरल्या असतील तर रागावू नये. कोणती वेळ चुकते ते विचारावे आणि ती गोळी दुसऱ्या कामाला बांधून पाहावी.