नव्वद हॉर्सपॉवर लागतात कधी?

गेल्या उन्हाळ्यात कोकणात उतरताना दोनपदरी रस्त्यावर एका ट्रकमागे आम्ही बराच वेळ ताशी साठने चाललो होतो. गाडीत चौघं, डिकीत सामान. समोर सरळ, मोकळा पट्टा दिसला म्हणून मी बाहेर निघालो आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. इंजिन घरघरलं, पण गाडी काही उचलेना. तेवढ्यात समोरून एसटी दिसली आणि मी मुकाट्याने पुन्हा ट्रकमागे आलो. शेजारी बसलेला धाकटा भाऊ एवढंच म्हणाला, "दादा, पाचव्यात नाही जमायचं. तिसरा टाक." पुढच्या पट्ट्यात तिसरा टाकला आणि तीच गाडी ट्रकच्या बाजूने झपकन निघून गेली.

माझ्या गाडीच्या कागदावर नव्वद हॉर्सपॉवर लिहिलेले आहेत. पहिल्या वेळी ते कुठे होते? त्याआधीचा प्रश्न म्हणजे, तासन्‌तास हायवेवर चालताना त्यातले किती खर्च होतात? घरी आल्यावर कागद-पेन घेऊन बसलो. शाळेतल्या विज्ञानापलीकडचं यात काही लागत नाही.

आधी सोपा भाग, म्हणजे एकाच वेगाने चालत राहणं. सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला वेग टिकवायला फक्त दोन गोष्टींशी झगडावं लागतं. एक हवा, दुसरे टायर. हवेचा विरोध गाडीच्या समोरच्या क्षेत्रफळावर, आकारावर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. साधारण हॅचबॅकचं समोरचं क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर आणि आकाराचा गुणांक ०.३२ धरला, तर आपल्याकडच्या उबदार हवेत हा विरोध सुमारे ३०० न्यूटन भरतो. एखादी तीस किलोची गोणी दोरीला टांगली तर दोरीला जेवढा ताण बसेल, साधारण तेवढाच. टायर फिरताना रस्त्यावर दबतात आणि पुन्हा फुगतात. त्यात जाणारं बळ माणसं-सामानासकट १२०० किलोच्या गाडीसाठी सुमारे १४० न्यूटन येतं. दोन्ही मिळून ४४० न्यूटन. बळाला वेगाने गुणलं की शक्ती मिळते. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, म्हणून गुणाकार होतो सुमारे १२ किलोवॅट. गिअरबॉक्समध्ये आणि चाकांपर्यंत जाताना दहा टक्के हरवतात असं धरलं, तर इंजिनाला साडेतेरा किलोवॅट द्यावे लागतात. एक हॉर्सपॉवर म्हणजे पाऊण किलोवॅट, तेव्हा हे झाले फक्त अठरा हॉर्सपॉवर.

आकडा इतका लहान निघाला की आधी माझा विश्वास बसेना. म्हणून तो पेट्रोलच्या टाकीवर तपासून पाहिला. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते आणि अशा हलक्या ओझ्यावर पेट्रोल इंजिन त्यातली जेमतेम पाव किंवा थोडी अधिक कामाला लावतं. साडेतेरा किलोवॅटसाठी तासाला साडेपाच ते सहा लिटर लागतील, आणि त्या तासात गाडी १०० किलोमीटर जाईल. म्हणजे लिटरला १७-१८ किलोमीटर. हायवेवर माझी गाडी देते ते हेच. इंजिन खरोखरच नव्वद हॉर्सपॉवर देत धावलं असतं, तर टाकी दीड-दोन तासांत रिकामी झाली असती.

उरलेले बहात्तर मग कशासाठी? वेग वाढवण्यासाठी. आपण ज्याला 'पिकअप' म्हणतो, त्यासाठी.

इथे वस्तुमान मैदानात येतं. स्थिर वेगाच्या हिशोबात गाडीचं वजन फक्त टायरच्या वाट्यात होतं. हवेला गाडी जड की हलकी याच्याशी देणंघेणं नाही. वेग वाढवताना मात्र गाडीतल्या प्रत्येक किलोत गतीची ऊर्जा भरावी लागते, आणि ती किती वेळात भरायची यावर शक्ती ठरते. सूत्र शाळेतलंच आहे:

P = ½mv² / t

१२०० किलो आणि सेकंदाला २७.८ मीटर हे आकडे घातले की ऊर्जा येते सुमारे ४६३ किलोजूल. ती १२ सेकंदांत भरायची, म्हणजे सरासरी ३९ किलोवॅट, ५२ हॉर्सपॉवर. तीच गाडी सहा सेकंदांत शंभरला न्यायची तर १०४. वीस सेकंद चालत असतील तर ३१ पुरतात. ऊर्जा तिन्ही वेळी तेवढीच. फरक फक्त घाईचा.

पण बारा सेकंदांना बावन्न हॉर्सपॉवर पुरतात असं समजून कोणी गाडी घेऊ नये. ती शक्ती नुसती गाडीच्या पुढे जाण्याची आहे. चाकं, गिअर, फ्लायव्हील यांना गरगर फिरवायला आणखी पाच-सहा टक्के लागतात. वेग वाढत असतानाही हवा आणि टायर आपला वाटा घेतच असतात, सरासरी सहा किलोवॅट. वर गिअरबॉक्सचे दहा टक्के. हे सगळं जोडलं की इंजिनाची सरासरी मागणी सत्तर हॉर्सपॉवरच्या आसपास जाते. आणि कागदावरचा आकडा सरासरीचा नसतोच. तो इंजिनाच्या एका ठरावीक, बऱ्याच वरच्या फेऱ्यांवरचा कळस असतो. पहिल्या गिअरमध्ये निघताना फेरे कमी असतात, गिअर बदलताना क्षणभर शक्ती तुटते, आणि अगदी सुरुवातीला टायरची पकडच पूर्ण शक्ती घेऊ देत नाही; जास्त दिली तर चाकं जागच्या जागी फिरतील. म्हणून सरासरी सत्तर मिळवायला नव्वदचं इंजिन लागतं. कागदावरच्या त्या आकड्याचा उगम मला इथे सापडला.

आता ट्रककडे परत. मला साठवरून नव्वदला जायचं होतं, म्हणजे ताशी तीस किलोमीटरची वाढ. थांबलेल्या गाडीला तीसपर्यंत नेणं हीसुद्धा तेवढीच वाढ. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. शून्यावरून तीससाठी तीनचा वर्ग, म्हणजे नऊ वाटे. साठवरून नव्वदसाठी नऊचा वर्ग वजा सहाचा वर्ग, म्हणजे ८१ वजा ३६, पंचेचाळीस वाटे. पाचपट! गल्लीतून निघताना चपळ वाटणारी गाडी ओव्हरटेकच्या वेळी मंद का वाटते, याचं बरंचसं उत्तर या वजाबाकीत आहे. माझ्या गाडीसाठी हे पंचेचाळीस वाटे म्हणजे २०८ किलोजूल.

पाचव्या गिअरमध्ये ताशी साठला माझं इंजिन मिनिटाला साधारण १७०० फेरे घेतं. इतक्या कमी फेऱ्यांवर पाय कितीही दाबा, ते चोवीसेक हॉर्सपॉवरपेक्षा जास्त देऊच शकत नाही, कारण शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे आणि फेरेच नाहीत. त्यातले सहा साठचा वेग राखण्यात जातात. उरलेल्यांवर नव्वद गाठायला सुमारे १५ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात साठने येणारी एसटी पाव किलोमीटर जवळ येते. तिसऱ्या गिअरमध्ये त्याच वेगाला फेरे ३१०० च्या घरात जातात, हातात अठ्ठेचाळीस हॉर्सपॉवर येतात आणि वेगाबरोबर ते वाढतच जातात. तेच अंतर सात सेकंदांत कापलं जातं. भावाने ही आकडेमोड केली नव्हती. त्याचा कान इंजिनाच्या आवाजावर होता, आणि तो पुरेसा होता. दाबलं की घरघर वाढते पण काटा हलत नाही, तेव्हा इंजिन कमकुवत नसतं; गिअर चुकीचा असतो.

घाटात यात आणखी एक वाटेकरी येतो. पाच टक्के चढावर, म्हणजे वीस मीटरला एक मीटर, साठच्या वेगाने १२०० किलो वर चढवत नेण्यातच सुमारे दहा किलोवॅट जातात. पाचव्या गिअरमधल्या त्या चोवीस हॉर्सपॉवरमधून हे वजा केलं की ओव्हरटेकसाठी जवळजवळ काहीच उरत नाही. भरलेल्या गाडीने चढावर ओव्हरटेक करू नये, हे मोठ्यांचं सांगणं मला आता नुसती सवय वाटत नाही. हिशोबाने ते अगदी बरोबर आहे.

हेच सूत्र उलटंही वापरता येतं, आणि अभियंते ते रोज वापरतात. सपाट, सरळ चाचणी-मार्गावर गाडी वेगात आणायची, न्यूट्रल करायची आणि वेग किती सेकंदांत उतरतो ते मोजायचं. इंजिन काहीच देत नसल्यामुळे गाडीला मंद करणारं सगळं बळ हवेचं आणि टायरचं असतं. माझ्या गाडीचा वेग शंभरवरून नव्वदवर यायला, हिशोबाप्रमाणे, आठ सेकंद लागावेत. वस्तुमान गुणिले वेगातला फरक भागिले आठ केलं की सरासरी विरोधाचं बळ मिळतं, सुमारे ४१० न्यूटन. याला कोस्ट-डाउन चाचणी म्हणतात. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये गाडी रोलरवर चढवून धूर आणि मायलेज मोजतात. तिथे गाडी जागची हलत नाही, मग हवेचा विरोध येणार कुठून? रोलरला किती अडवायचं ते या चाचणीच्या आकड्यांवरूनच ठरवतात. वाहत्या रस्त्यावर न्यूट्रल करून हा प्रयोग मात्र कोणी करू नये.

वेग शंभरवरून एकशेवीस केला तर काय होतं, हेही मी मांडून पाहिलं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि शक्तीसाठी त्याला पुन्हा वेगाने गुणायचं असतं, म्हणून हवेची मागणी घनाने वाढते. अठराचे अठ्ठावीस हॉर्सपॉवर होतात. वेग एक पंचमांशाने वाढला आणि इंजिनाचं ओझं दीडपटीपेक्षा जास्त झालं. तरीही नव्वदमधले साठावर बाकी राहतातच.

शेवटी दोन्ही हिशोब एकमेकांसमोर ठेवले. शंभरचा वेग एकदा गाठायला ४६३ किलोजूल. तो टिकवताना दर मीटरला ४४० जूल. भागाकार येतो एक किलोमीटर आणि वर थोडं. म्हणजे शंभरने चाललेली गाडी ब्रेक दाबून पूर्ण थांबवली आणि पुन्हा शंभरला आणली, तर चाकांपाशी हायवेवरच्या एका सबंध किलोमीटरची ऊर्जा खर्च होते. हल्ली टोलनाका दिसला की मी लांबूनच पाय उचलतो आणि गाडीला आपल्या गतीने मंदावू देतो. मागच्या सीटवरून आई विचारते, "पेट्रोल संपलं का रे?"