काळ्या पाषाणातला जीव: तो कुठून आला आणि खातो काय?

वर्धा जिल्ह्यात कुठेही बोअर मारायला घ्या. आधी काळी माती लागते, मग मुरूम, आणि मग काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेला लाव्हा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच लाव्ह्यावर बसलाय. पूर्वेकडे त्याची जाडी कमी होत जाते आणि सह्याद्रीकडे वाढत जाते. या दगडात, शेकडो मीटर खोल, जिथे ऊन नाही, हवा नाही, झाडाचं मूळ नाही, तिथे कुणी जगत असेल का? हा प्रश्न महाराष्ट्रात खरोखर तपासला गेलाय, कोयनेला.

कोयनेला खोल बोअर मारली ती सूक्ष्मजीवांसाठी नाही, भूकंपांसाठी. 11 डिसेंबर 1967 ला तिथे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यानंतरही धरणाच्या परिसरात जमीन हलतच राहिली. हे धक्के जिथे जन्मतात तिथवर पोचण्यासाठी केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने खोल ड्रिलिंग हाती घेतलं. 2017 मध्ये 3 किलोमीटर खोल चाचणी बोअर पूर्ण झाली. त्याआधीच्या बोअरींतून दगडाचे दंडगोल, म्हणजे कोअर, वर आले होते. वर बेसाल्ट आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना, अब्जावधी वर्षांचा ग्रॅनाइट. आयआयटी खरगपूरच्या पिनाकी सार यांच्या गटाने या कोअरमधला डीएनए तपासला आणि 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही दगडांत जीवाणूंचा डीएनए सापडला.

आता इथे थोडं थांबू या. दगडात डीएनए सापडला म्हणजे दगडात जीव आहे, असं लगेच म्हणता येत नाही. ड्रिलिंग करताना बिट थंड ठेवायला आणि चुरा बाहेर काढायला वरून सतत पाणी सोडावं लागतं. त्या पाण्यात वरचे जीवाणू असतातच. ते दाबाखाली कोअरच्या बारीक भेगांत शिरतात. पुढे प्रयोगशाळेत डीएनए वेगळा करायची रसायनंसुद्धा पूर्ण स्वच्छ नसतात, त्यांच्यात स्वतःचा थोडा डीएनए असतो. मातीच्या नमुन्यात हा कचरा दिसतही नाही, कारण खरा माल भरपूर असतो. पण खोल दगडात जीव इतके विरळ असतात की कचराच जास्त भरण्याची भीती असते.

म्हणून अशा कामात कोअरचा बाहेरचा भाग काढून टाकतात आणि आतला गाभा वापरतात. ड्रिलिंगचं पाणी वेगळं तपासतात आणि त्यात जे सापडेल ते यादीतून वजा करतात. शिवाय नमुनाच न घालता, नुसत्या रसायनांवर सगळी प्रक्रिया एकदा करून बघतात. कधी कधी ड्रिलिंगच्या पाण्यात जीवाणूएवढे चमकणारे कण मिसळतात. ते कण गाभ्यात दिसले, तर पाणी आत शिरलं हे कळतं, आणि तो नमुना बाद.

कोयनेच्या निकालात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंची आणि मिथेनशी संबंधित सूक्ष्मजीवांची खूणजनुकं बेसाल्टमध्ये ग्रॅनाइटपेक्षा किमान दहापट जास्त होती. सगळा डीएनए ड्रिलिंगच्या पाण्यातून आला असता, तर तो दगड बघून बदलला नसता. दगड बदलला की वस्ती बदलते, याचा अर्थ दगडाशी तिचा काहीतरी व्यवहार आहे. अर्थात, डीएनएवरून हे जीव आज जिवंत आहेत की फक्त त्यांचे अवशेष उरलेत, हे ठरत नाही.

दुसरा प्रश्न पोटाचा. ऊन नाही म्हणजे प्रकाशसंश्लेषण नाही. मग खायला काय? सगळ्यात चर्चेतलं उत्तर म्हणजे हायड्रोजन. 1995 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या बेसाल्टबद्दल स्टीव्हन्स आणि मॅकिन्ली यांनी मांडलं की बेसाल्टमधलं लोह पाण्याशी अभिक्रिया करतं, हायड्रोजन सुटतो, आणि त्यावर जीवाणूंची अख्खी वस्ती जगते. बेसाल्टचा चुरा पाण्यात ठेवल्यावर त्यांना हायड्रोजन मिळालाही.

पण 1998 मध्ये अँडरसन, शॅपेल आणि लव्हली यांनी याला हरकत घेतली. भूगर्भातलं ते पाणी अल्कधर्मी असतं, आणि तसल्या पाण्यात बेसाल्टपासून हायड्रोजन निघालाच नाही. आम्ल पाण्यात थोडा निघाला, पण तेवढ्यावर लाखो वर्षं संसार चालत नाही. एक बाब लक्षात घ्या: चुरा केला की दगडाचे नवे, ताजे पृष्ठभाग उघडे पडतात. जमिनीखालच्या भेगेतला दगड मात्र कधीचाच गंजून बसलेला असतो. प्रयोगातला दगड आणि खालचा दगड एकच नव्हे.

हायड्रोजनचा दुसरा मार्ग जास्त भरवशाचा आहे. दगडात थोडं युरेनियम आणि थोरियम असतं. त्यांच्या किरणोत्सर्गाने भेगांतल्या पाण्याचे रेणू फुटतात आणि हायड्रोजन तयार होतो. यात दगड ताजा असण्याची अट नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत 2.8 किलोमीटर खोल पाण्यात डेसल्फोरुडिस नावाचा जीवाणू जवळजवळ एकटाच राहतो आणि अशाच हायड्रोजनवर जगतो, असं 2008 च्या अभ्यासात दिसलं. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम बेसाल्टपेक्षा साधारणपणे जास्त असतं. त्यामुळे आपल्या लाव्ह्याखालचा ग्रॅनाइट या हिशोबात दुर्लक्षून चालणार नाही.

मग खाली हद्द कुठे? ती ठरते उष्णतेवर. समुद्रतळाच्या उकळत्या झऱ्यांतला मिथेनोपायरस नावाचा सूक्ष्मजीव 122 अंश सेल्सिअसला वाढताना नोंदवला गेलाय. तिथे दाबामुळे पाणी इतक्या तापमानालाही द्रव राहतं. जमिनीत दर किलोमीटरला सरासरी 25 ते 30 अंश वाढतात असं धरा. पृष्ठभागावर 25 अंश असतील, तर सव्वातीन ते चार किलोमीटरवर 122 ची रेषा येते. मंगळ आतून पृथ्वीपेक्षा थंड आहे, म्हणून तिथे ही रेषा बरीच खोल असेल. त्याचा पृष्ठभाग कोरडा आणि किरणांनी भाजलेला आहे, पण कवच मुख्यतः बेसाल्टचंच आहे. म्हणून जीव शोधायचा तर खाली, असं म्हणतात.

शनीच्या एन्सेलाडस चंद्राकडे बघा. त्याच्या बर्फातून उडणाऱ्या फवाऱ्यातून कॅसिनी यान 2015 मध्ये गेलं आणि त्यात हायड्रोजन सापडला. म्हणजे ताटात जेवण आहे. पण ताट भरलेलं दिसतंय म्हणजे कदाचित जेवणारंच कुणी नाही, असाही अर्थ निघतो. म्पोनेंगसारख्या ठिकाणी खाणारा आपण पाहिलाय, तिथे अजून नाही.

म्हणून मंगळावरून उद्या दगडाचा तुकडा आला आणि त्यात एखादा सेंद्रिय रेणू सापडला, तर प्रश्न कोयनेचेच असतील. हा आपल्याच ड्रिलवरून गेला नाही ना? आजूबाजूचा दगड बदलला की हा बदलतो का? आणि तो खात काय होता? मंगळावर अडचण जास्त आहे, कारण आपला जीवाणू कसा दिसतो ते आपल्याला माहीत आहे, परका कसा दिसेल ते नाही. वजा करायची यादी मात्र आपल्याच पाषाणावर तयार करता येते.