गुरुवारच्या ओटीला नाही म्हणताना

पिंपरी-चिंचवड, भोसरी या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांचा रविवार गुरुवारी येतो. विजेचा भार विभागला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वेगवेगळे वार नेमून दिले गेले आणि इथे गुरुवार रूढ झाला. त्यामुळे ओटीचा विषय निघतो तो बुधवारी. सुपरवायझर हातात वही घेऊन मशीनपाशी येतात आणि विचारतात, “उद्या येणार ना?”

या प्रश्नाला सर्वाधिक मिळणारं उत्तर म्हणजे “बघतो, साहेब.” ऐकायला मऊ, पण याच्याइतकं अडचणीचं उत्तर दुसरं नाही. कामगाराच्या मनात त्याचा अर्थ ‘बहुधा नाही’ असतो, सुपरवायझरच्या वहीत मात्र ते ‘हो’ म्हणून चढतं. त्या वहीवरूनच कंपनीच्या बसला किती माणसं, कँटीनला किती ताटं आणि कोणत्या मशीनवर कोण, हे ठरतं. गुरुवारी सकाळी सात वाजता एक माणूस कमी निघाला की मशीन बंद राहतं आणि शुक्रवारचा डिस्पॅच अडतो. साहेबांचा राग बहुतेक वेळा नकारावर नसतो, तो उशिरा कळण्यावर असतो. बुधवारी दुपारी मिळालेला नकार त्यांना दुसरा माणूस शोधायला चार-पाच तास देतो.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. सीएनसी मशीनवरच्या एका ऑपरेटरला गुरुवारी आईला मोतीबिंदूच्या तपासणीसाठी न्यायचं आहे, वेळ आधीच घेतलेली आहे. लाईनवर चारचौघांसमोर उत्तर देण्यापेक्षा तो साहेब मोकळे दिसताच टेबलापाशी जातो आणि म्हणतो, “साहेब, उद्या मला जमणार नाही. आईला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचंय. आजचा सेटअप मी पूर्ण लावून ठेवतो, ऑफसेट वहीत लिहितो. पुढच्या गुरुवारी गरज असेल तर माझं नाव आत्ताच घ्या.”

यात कारण एकच आहे, आणि तेही एका वाक्यात. आईचा डोळा, पाहुणे, स्वतःची पाठदुखी अशी तीन कारणं एकदम मांडली की समोरचा त्यातलं सर्वात लंगडं कारण पकडतो आणि घासाघीस सुरू होते. “दुपारपर्यंत तरी या,” “भावाला पाठवा ना दवाखान्यात.” खोटं आजारपण तर सांगूच नये. संध्याकाळी लोणावळ्याचा फोटो स्टेटसला पडतो, आणि तो पाहणाऱ्यांत लाईनवरचा कुणी ना कुणी असतोच. घरी नुसतं झोपायचं असेल तर “घरचं काम ठरलंय” एवढं पुरतं. तपशील देण्याची सक्ती कुणावर नाही.

त्या बोलण्यातला मदतीचा भाग मोजका आणि पाळता येण्याजोगा आहे. नवख्या माणसाला मशीन चालवायचं झालं तर अर्धा वेळ सेटअप समजून घेण्यात जातो. तो वाचवणं ही खरी मदत. शिवाय एखाद्या सहकाऱ्याशी आधीच बोलून “अमुक यायला तयार आहे” असं सांगता आलं, तर साहेबांची शोधाशोधच संपते. मात्र त्याला न विचारता नाव पुढे करणं म्हणजे एका माणसाऐवजी दोघांशी बिघडवून घेणं.

कायदा कामगाराच्या बाजूने बऱ्यापैकी उभा आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याचे ४८ तास ही मर्यादा घातली आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर ठरवला. दिवसाला आठ तासांचे ६०० रुपये मिळत असतील, तर तासाचे ७५ होतात आणि ओटीचे १५०. म्हणजे पूर्ण पाळीचे १,२००. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत तर जादा कामासाठी कामगाराची संमती लागते असं म्हटलंय. पण “कायद्यात संमती लागते” हे पहिलंच वाक्य असलं तर साध्या विचारण्याचा तंटा होतो. ते माहीत असावं आणि खिशात असावं. साहेब सलग आठवडे हट्टच धरू लागले, तर एचआर किंवा युनियनकडे जाताना ते बाहेर काढावं.

दर वेळी तोच माणूस नाही म्हणत असेल, तर गोड शब्द फार दिवस पुरत नाहीत. दोन नकारांनंतर तिसऱ्या वेळी साहेबांनी विचारण्याआधीच नाव देणारा ऑपरेटर चौथ्या वेळी निवांत नाही म्हणू शकतो. कंत्राटी कामगाराची गोष्ट वेगळी. त्याचं ‘नाही’ सुपरवायझरकडून ठेकेदारापर्यंत पोचतं, आणि तिथे ते कसं सांगितलं जाईल यावर त्याचा ताबा नसतो. म्हणून त्याने ठेकेदाराच्या माणसालाही बुधवारीच स्वतः फोन करून तेच कारण, त्याच शब्दांत सांगितलेलं बरं.