उतरायचं कुठे, हे मेट्रो सांगते

डेक्कनहून कोथरूडकडे निघालेल्या पीएमपीच्या बसमध्ये पुढच्या थांब्याची पाटी बंद आहे, घोषणा होत नाही, आणि कंडक्टर गर्दीत मागे अडकला आहे. तुम्हाला कर्वे पुतळ्याला उतरायचं आहे आणि हा रस्ता तुमच्या पायाखालचा नाही. अशा वेळी बहुतेक जण शेजाऱ्याला विचारतात, "सातवा थांबा आहे, मोजा" असं उत्तर मिळतं, आणि मोजणी सुरू होते.

मोजणी फसते ती बसच्या थांबण्यामुळे. चढणारा किंवा उतरणारा कुणी नसला, तर चालक थांबा सोडून पुढे जातो. उलट सिग्नलला, कोंडीत बस दहा वेळा उभी राहते. म्हणून बस किती वेळा थांबली ते न मोजता रस्त्याकडेचे थांबे मोजायचे, बस तिथे थांबो वा न थांबो. थांब्यावरून निघताना डबल बेल होते. घंटी नसेल तर शिट्टी किंवा पत्र्यावर थाप. सिग्नलवरून निघताना ती होत नाही. खिडकीबाहेर दिसत नसलं, तर कानांना एवढा आधार पुरतो. बस न थांबता गेलेला थांबा मात्र कानांना कळत नाही, त्यामुळे नुसत्या मोजणीवर विसंबू नये.

त्यात पुण्याच्या बसमध्ये डावीकडची आसनं महिलांसाठी राखीव. थांबेही डावीकडेच. उजवीकडे बसलेल्या प्रवाशाला समोरच्या बाजूचे, म्हणजे उलट दिशेच्या बसचे थांबे दिसतात, आणि ते आपल्या थांब्याच्या अगदी समोर असतीलच असं नाही. उभ्या प्रवाशाची गत याहून वाईट. खिडकीची वरची कड त्याच्या नजरेच्या खाली येते. त्याला फूटपाथ आणि दुकानांच्या पायऱ्या दिसतात, पाट्या दिसत नाहीत. एरवी दुकानाच्या पाटीखालचा छोट्या अक्षरांतला पत्ता वाचला, की भाग कोणता ते लगेच कळतं.

म्हणून खूण अशी निवडावी, जी दोन्ही बाजूंनी दिसते, रात्रीही दिसते आणि पुढच्या वर्षीही तिथेच असेल. होर्डिंग नको, हॉटेल नको. कर्वे रस्त्यावर ही सोय मेट्रोने करून ठेवली आहे. 2022 च्या मार्चमध्ये वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा सुरू झाला. गरवारे कॉलेजपासून तिचे खांब आणि वरचा मार्ग बसची सोबत करतात. नळ स्टॉपला डोक्यावर दोन मजले होतात : खालचा वाहनांचा उड्डाणपूल, वरचा मेट्रोचा. पुलाखालून जाताना भर दुपारीही बसमध्ये अंधारून येतं, त्यामुळे उभ्या माणसालाही नळ स्टॉप कळतो. पुढे एसएनडीटी. ही संस्था महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये उभी केली आणि आपल्याला जायचं आहे त्यांच्याच पुतळ्याकडे, त्यामुळे हा क्रम डोक्यात पक्का बसतो.

खरी खूण आहे पौड फाटा. तिथे मेट्रो उजवीकडे पौड रस्त्याने निघून जाते आणि आपली बस कर्वे रस्त्यानेच पुढे जाते. डोक्यावरचं काँक्रीट संपतं, आभाळ मोकळं होतं. हाच आपला इशारा. इथे उठायचं, पिशवी उचलायची, दाराकडे सरकायला लागायचं. आणि फाटा ओलांडल्यावरही मेट्रो डोक्यावरच राहिली, आयडियल कॉलनीचं स्टेशन दिसलं, तर बसच चुकली आहे. ती पौड रस्त्याला लागली. पुढच्या थांब्याला उतरा.

पुतळा दिसेपर्यंत थांबणं मला धोक्याचं वाटतं. थांब्याला चौकाचं नाव असलं, तरी थांबा चौकाला चिकटून असेलच असं नाही. तो थोडा अलीकडे किंवा पलीकडे असतो. अलीकडे असला, तर पुतळा दिसेपर्यंत उतरण्याची वेळ गेलेली असते. शिवाय भरलेल्या बसमध्ये दारापर्यंत पोचायलाच एका थांब्याचं अंतर लागतं.

परतीसाठी हीच यादी उलटी म्हणून चालत नाही. कर्वे रस्त्यावर ती बरीचशी जुळते, पण शहराच्या मध्यवस्तीत लक्ष्मी रस्त्यासारखे एकेरी रस्ते आहेत; बस जाते एका रस्त्याने आणि येते दुसऱ्याने. तिथे येतानाच्या खुणा वेगळ्या शोधाव्या लागतात.

थांबा चुकलाच, तर घाबरून मधेच सिग्नलला उडी मारू नका. शहरात दोन थांब्यांमधलं अंतर बहुधा पाच-सात मिनिटं चालण्याइतकंच असतं. पुढे उतरून मागे चालत या. आणि घरी पाहुणे बोलवाल, तेव्हा त्यांना थांब्याचं नाव सांगून थांबू नका. त्याच्या अलीकडची एक मोठी, न हलणारी खूणही सांगा.