जनरेटरचे पहिले तीन सेकंद

‘या जनरेटरचा फॉल्ट करंट किती?’ हा प्रश्न वीजकेंद्रात रोज विचारला जातो आणि उत्तरादाखल बहुतेकदा एकच आकडा सांगितला जातो. माझ्या मते त्या प्रश्नात एक शब्द कमी आहे: ‘केव्हाचा?’ शॉर्ट सर्किट झाल्या क्षणी, दहाव्या सायकलला आणि तीन सेकंदांनी या एकाच यंत्रातून जाणारे प्रवाह इतके वेगवेगळे असतात, की पहिल्याने तांब्याच्या पट्ट्या वाकाव्यात आणि शेवटच्याची दखल साध्या ओव्हरकरंट रिलेनेही घेऊ नये. हा उतार ही तपशिलाची बाब समजून पुढे जाण्याची सवय आपल्याकडे आहे. खरी अडचण मात्र त्या उतारातच आहे, असे माझे म्हणणे आहे.

बोलणे हवेत राहू नये म्हणून 210 मेगावॉटचा संच घेऊ. खापरखेडा, भुसावळ, एकलहरे या केंद्रांनी महाराष्ट्राला वर्षानुवर्षे वीज दिली ती याच क्षमतेच्या संचांवर. असा जनरेटर 15.75 किलोव्होल्टवर चालतो, त्याची क्षमता सुमारे 247 एमव्हीए असते आणि पूर्ण भाराचा प्रवाह नऊ हजार अँपिअरच्या थोडा वर. त्याच्या माहितीपत्रकात तीन रिअ‍ॅक्टन्स दिलेले असतात. या जातीच्या यंत्राला शोभतील असे आकडे धरू: सब-ट्रान्झियंट 0.214, ट्रान्झियंट 0.305 आणि सिंक्रोनस 2.22. यंत्र रिकामे फिरत आहे, टर्मिनलला पूर्ण व्होल्टेज आहे आणि तिन्ही फेज एकदम एकमेकींना चिकटल्या, असे समजा. एकाला 0.214 ने भागले की 4.67 येतात, म्हणजे पूर्ण भाराच्या पावणेपाच पट, सुमारे 42 हजार अँपिअर. तेच 0.305 ने भागले तर सुमारे 30 हजार. आणि 2.22 ने भागले तर जेमतेम चार हजार, म्हणजे रोजच्या पूर्ण भाराच्या निम्म्याहूनही कमी.

एकाच तांब्याला आणि एकाच लोखंडाला तीन रिअ‍ॅक्टन्स कसे? विद्यार्थी हे तीन गुणधर्म म्हणून पाठ करतात आणि तिथेच चुकतात. बदलतो तो फ्लक्सचा मार्ग. बंद वेटोळ्यात अडकलेला फ्लक्स एका क्षणात बदलू शकत नाही. अमेरिकेत डोहर्टी आणि निकल यांनी 1920च्या दशकात शॉर्ट सर्किटचे गणित याच तत्त्वावर बसवले आणि रॉबर्ट पार्क यांनी 1929 मध्ये त्याला आजही वापरात असलेले समीकरणरूप दिले. शॉर्ट सर्किटचा प्रवाह स्टेटरमध्ये उसळतो तेव्हा त्याचा फ्लक्स रोटरच्या चुंबकाला थेट विरोध करत आत घुसू पाहतो. रोटर त्याला घुसू देत नाही. त्याच्या पृष्ठभागावर, खाचांवरच्या धातूच्या पाचरांत आणि खाली फील्ड वाइंडिंगमध्ये उलटे प्रवाह उठतात आणि ते स्टेटरचा फ्लक्स बाहेर ढकलतात. मग त्याला हवेच्या फटीलगतच्या अरुंद, गळक्या वाटेने जावे लागते. त्या वाटेवर फारसे लोखंड नसते. वाट जितकी अवघड, तितका अँपिअरमागे बसणारा फ्लक्स कमी, म्हणजे रिअ‍ॅक्टन्स कमी आणि प्रवाह जास्त. सब-ट्रान्झियंट रिअ‍ॅक्टन्सचा अर्थ एवढाच.

पाचरांतले आणि पृष्ठभागावरचे प्रवाह फार टिकत नाहीत, कारण त्या वाटेत रोध जास्त असतो. तीसेक मिलिसेकंदांत, म्हणजे दीड सायकलमध्ये, ते बरेचसे मावळतात. स्टेटरचा फ्लक्स पृष्ठभाग ओलांडून आत येतो आणि तिथे त्याला फील्ड वाइंडिंग अडवते. हे वेटोळे मोठे, त्याचा रोध कमी, म्हणून ते सेकंदभर तग धरते. या टप्प्यात फील्डचा प्रवाह एक्सायटरने काहीही न करता कित्येक पटींनी चढतो. आपल्या यंत्रात सिंक्रोनस आणि ट्रान्झियंट रिअ‍ॅक्टन्सचे गुणोत्तर सातच्या वर आहे, म्हणून फील्डच्या प्रवाहाची सरासरीही जवळजवळ तेवढ्याच पटींनी उडते. ही जादा ऊर्जा रोटरच्या तांब्यात जळून संपली की फ्लक्स सरळ रोटरच्या लोखंडातून जाऊ लागतो. वाट मोकळी झाली, रिअ‍ॅक्टन्स 2.22 झाला आणि प्रवाह चार हजारांवर आला.

हे तिन्ही आकडे एकाच चाचणीतून कसे काढतात, ते जवळून पाहण्यासारखे आहे. यंत्र पूर्ण वेगाने, रिकामे, कमी व्होल्टेजवर फिरवतात आणि ब्रेकरने तिन्ही फेज एकदम शॉर्ट करतात. नोंदवलेल्या लहरीच्या शिखरांवरून एक आणि दऱ्यांवरून दुसरी अशा दोन वेष्टनरेषा काढतात. दोन्हींच्या मधोमध जाणारी रेषा हा प्रवाहाचा दिष्ट भाग आणि त्यांच्यातले अर्धे अंतर हा प्रत्यावर्ती भाग. प्रत्यावर्ती भागातून शेवटी स्थिरावलेला प्रवाह वजा करतात आणि उरलेला सेमी-लॉग कागदावर मांडतात. पहिल्या काही सायकली सोडल्या तर ठिपके एका सरळ रेषेत येतात. ती रेषा मागे शून्य वेळेपर्यंत वाढवली की ट्रान्झियंट भाग मिळतो. सुरुवातीचे ठिपके या रेषेच्या जेवढे वर राहतात तो फरक पुन्हा मांडला की दुसरी, बरीच तीव्र उताराची सरळ रेषा उमटते. ती सब-ट्रान्झियंटची. रोटरच्या घन लोखंडात प्रवाह असंख्य वाटांनी फिरत असतात, तरी कागदावर दोनच रेषा पुरतात. या सिद्धांताबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे. अर्थात या दोन रेषा म्हणजे सोय आहे, लोखंडातले सत्य नव्हे. व्होल्टेज वाढवून चाचणी केली, तर गळक्या वाटांतले लोखंडही संपृक्त होते आणि रिअ‍ॅक्टन्स थोडा कमी भरतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. सर्वांत मोठा आकडा धरून बसबार आणि ब्रेकर निवडले, की लहान आकडे आपोआप त्यात येणार, मग उताराची चिंता कशाला? यांत्रिक ताकदीपुरते हे बरोबर आहे. रिलेचे काम मात्र उलटे असते. त्याला सर्वांत लहान प्रवाहही ओळखता आला पाहिजे. आपल्या यंत्राचा प्रवाह एका सेकंदाला सुमारे दीड पट असतो, दोन सेकंदांना 0.83 पट आणि तीन सेकंदांना 0.6 पट. पूर्ण भाराच्या वर लावलेला आणि दीड-दोन सेकंद थांबणारा बॅकअप रिले उचलतो, मोजू लागतो आणि वेळ भरण्याआधीच परत बसतो. फॉल्ट जिथल्या तिथे राहतो. व्होल्टेज रेग्युलेटर एक्सायटेशन वाढवून प्रवाह टिकवेल, असे यावर म्हणता येते. त्याला शक्ती स्वतंत्र स्रोतातून मिळत असेल तर हे खरेही आहे. पण स्टॅटिक एक्सायटेशनला शक्ती जनरेटरच्याच टर्मिनलवरून मिळते. शॉर्ट तिथेच झाला असेल, तर रेग्युलेटरपाशी द्यायला काही उरतच नाही. म्हणून बॅकअप रिलेला व्होल्टेजही दाखवतात. व्होल्टेज पडले, की तो कमी प्रवाहालाही दाद देतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डिफरन्शियल रिले आणि ब्रेकर मिळून शंभर मिलिसेकंदांत काम उरकतात, मग तीन सेकंदांच्या गोष्टी कुणासाठी? ग्रिडवरच्या फॉल्टपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. फॉल्ट दूर असेल तर मधल्या ट्रान्सफॉर्मरचा आणि लाइनचा रिअ‍ॅक्टन्सही बेरजेत येतो आणि उतार बराच सौम्य होतो. पण आपल्याकडच्या कित्येक संचांत जनरेटर आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर यांच्यामध्ये ब्रेकरच नसतो. ब्रेकर असतो ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, उच्चदाबाच्या बाजूला. केंद्राची स्वतःची गरज भागवणारा युनिट ऑक्झिलरी ट्रान्सफॉर्मर मधल्या बसबारवरच जोडलेला असतो. त्यात फॉल्ट झाला, की रिले क्षणात ट्रिप देतो आणि ग्रिडकडून येणारा प्रवाह थांबतो. जनरेटरचा थांबत नाही. त्याला तोडायला मध्ये काहीच नाही. टर्बाइनची वाफ बंद झाली आणि फील्ड ब्रेकर उघडला, तरी रोटर फिरतच असतो आणि त्यात अडकलेला फ्लक्स आपल्याच गतीने मावळतो. दिष्ट भाग बाजूला ठेवून मी जनरेटरच्या प्रवाहाच्या वर्गाची वेळेवर बेरीज केली. ट्रिपनंतर ट्रान्झियंट काळ एक सेकंदच राहिला, तर पहिल्या शंभर मिलिसेकंदांत फॉल्टच्या जागी जेवढी उष्णता ओतली जाते, त्याच्या साडेतीन पट उष्णता ट्रिप झाल्यानंतर ओतली जाते. फील्ड ब्रेकरसोबत डिस्चार्ज रोध जोडून तो काळ निम्मा केला, तरी पावणेदोन पट उरतेच. तेलाच्या टाकीसाठी हा फरक फार मोठा आहे.

उपाय ठाऊक आहे: जनरेटरला स्वतःचा ब्रेकर द्यावा. पण तो देताना उताराशी पुन्हा गाठ पडते. ब्रेकर प्रवाह तोडतो तो प्रवाह शून्यातून जातो त्या क्षणी. आपल्या यंत्रात दिष्ट भागाचा काळ पाव सेकंद धरा आणि सर्वांत वाईट फेज बघा. सुरुवातीला दिष्ट भाग आणि प्रत्यावर्ती भागाचे शिखर सारखेच असतात. साठ मिलिसेकंदांना प्रत्यावर्ती भाग 4.67 वरून 3.30 वर आलेला असतो, तर त्याच मापात दिष्ट भाग अजून 3.67 असतो. लहर शून्यरेषेला स्पर्शच करत नाही. तिची पहिली शून्ये दिसतात ती एकशेदहा मिलिसेकंदांच्या आसपास. मधल्या वेळात ब्रेकरचे संपर्क उघडले, तरी आर्क तसाच जळत राहतो. म्हणजे इथे प्रवाह मोठा असणे ही अडचण नाही. त्याचा एक भाग दुसऱ्यापेक्षा लवकर ओसरतो, ही अडचण आहे. सब-ट्रान्झियंट आणि ट्रान्झियंट यांच्यातले अंतर जेवढे जास्त, तेवढा हा काळ लांबतो. बचाव करतो तो आर्कच. त्याचा रोध मंडलात भर घालतो आणि दिष्ट भाग लवकर मारतो. म्हणून जनरेटर ब्रेकरच्या आंतरराष्ट्रीय मानकात उशिरा येणाऱ्या शून्यांचा वेगळा विचार केलेला आहे. ब्रेकर कोणत्याही यंत्रामागे लावून चालत नाही. त्याचा आर्क आणि त्या यंत्राचे काळ एकत्र घालून गणित करावे लागते.

आणि फॉल्ट स्टेटरच्या वाइंडिंगमध्येच झाला, तर हा ब्रेकरही कामाचा नाही, कारण फॉल्ट त्याच्या अलीकडे आहे. मग एकच मार्ग उरतो, फील्ड लवकर मारणे. डिस्चार्ज रोध हवा तेवढा वाढवता येत नाही, कारण फील्डचा प्रवाह त्यातून जाताना जे व्होल्टेज उठते ते रोटरच्या इन्सुलेशनला सोसावे लागते. ब्रशलेस एक्सायटेशनच्या यंत्रांत, म्हणजे 500 मेगावॉटच्या अनेक संचांत, तेवढीही सोय नसते. तिथे डायोड रोटरबरोबर फिरतात आणि मुख्य फील्डच्या मंडलात उघडायला ब्रेकर नसतो. एक्सायटरचे फील्ड तोडले, तरी मुख्य फील्डचा प्रवाह डायोडमधूनच वाट काढत राहतो आणि वाइंडिंगच्या नैसर्गिक काळाने, सेकंदामागून सेकंद, उतरतो. तेवढा वेळ आर्क स्टेटरचे तांबे आणि गाभ्याच्या पत्र्यांच्या कडा वितळवत असतो. बार बदलता येतो. पत्रे एकमेकांत वितळून एकजीव झाले, तर यंत्र किती महिने बंद राहील हे ठरते ते ट्रिपनंतरच्या या सेकंदांत.