कोलोनोस्कोपीला मैत्रिणीला नेताना

मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीची, म्हणजे कोलोनोस्कोपीची, तारीख ठरली की रुग्णालयातून दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. पोट साफ करण्याची पावडर कशी घ्यायची आणि ‘सोबत कुणीतरी आणा’. पावडरीबद्दल छापील कागद मिळतो. किती पाण्यात, किती वाजता, शेवटचा घोट कधी, सगळं त्यावर असतं. सोबत येणाऱ्याने काय करायचं, याबद्दल मात्र त्यावर फार तर एखादी ओळ असते.

घरात नवरा, मुलगा, सून असली की ही उणीव जाणवत नाही. एकट्या राहणाऱ्यांना, मुलं परदेशी असलेल्यांना किंवा घरच्यांना एवढ्यात काही कळू द्यायचं नसलेल्यांना मात्र मैत्रिणीला किंवा मित्राला विचारावं लागतं. तेव्हा संकोचापोटी एवढंच म्हटलं जातं, ‘मंगळवारी जरा येशील का माझ्याबरोबर? काही विशेष नाही गं, नुसती तपासणी आहे.’ मैत्रीण येतेही. पण ‘काही विशेष नाही’ हे तिनेही खरं मानलेलं असतं. त्यामुळे डॉक्टर बाहेर येऊन ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ असं विचारतात, तेव्हा ती खाली कॅन्टीनमध्ये चहा घेत असते.

ती नेमकी त्याच वेळी तिथे का हवी, याचं कारण गुंगीच्या औषधात आहे. या तपासणीसाठी बहुतेक ठिकाणी शिरेतून मिडाझोलाम किंवा प्रोपोफॉलसारखं औषध देतात. मिडाझोलामचा एक परिणाम असा की ते दिल्यानंतर घडलेलं काही काळ मेंदूत साठवलंच जात नाही. रुग्ण डोळे उघडतो, नाव सांगतो, ‘हो डॉक्टर, कळलं’ असं म्हणतो, कपडे बदलतो आणि संध्याकाळी त्याला त्यातलं काही आठवत नाही. डॉक्टरांनी काय दिसलं ते सांगितलेलं असतं ते नेमकं याच वेळात. एरवीही दवाखान्यात ऐकलेलं फार टिकत नाही. डच मानसशास्त्रज्ञ रॉय केसल्स यांनी 2003 मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेताना लिहिलं होतं की, डॉक्टरांनी दिलेल्या माहितीपैकी 40 ते 80 टक्के भाग रुग्ण लगेचच विसरतात. गुंगीत तर बोलायलाच नको. म्हणून सोबतीला आलेल्या व्यक्तीचं पहिलं काम ऐकणं आणि लिहून घेणं हे आहे. धीर देणं त्यानंतर.

समजा, पुण्यात एकटी राहणारी, पन्नाशी ओलांडलेली एक शिक्षिका आहे. शौचातून रक्त गेल्यामुळे तिला ही तपासणी सांगितली आहे. वेळ सकाळी दहाची. तपासणी साधारण अर्ध्या तासाची असली, तरी नावनोंदणी, पैसे भरणं, सुई टोचून ठेवणं आणि नंतर गुंगी उतरेपर्यंत झोपून राहणं धरलं तर अर्धा दिवस जातो. मैत्रिणीला तिने असा निरोप पाठवावा:

‘मंगळवारी माझी कोलोनोस्कोपी आहे. गुंगी देणार आहेत, त्यामुळे माझ्याबरोबर कुणीतरी लागेल. तू साडेनऊपासून संध्याकाळपर्यंत मोकळी आहेस का? मला तीन गोष्टी हव्यात. मी आत असताना तू त्याच मजल्यावर थांब, माझा फोन आणि पर्स तुझ्याकडे ठेव. डॉक्टर नंतर जे सांगतील ते ऐकून लिहून घे. प्रश्न मी कागदावर लिहून देते. मग रिक्षाने मला घरी सोड आणि संध्याकाळपर्यंत थांब. पैशांचं मी बघितलंय. काही गंभीर निघालं तर मी पूर्ण जागी झाल्यावर मलाच सांग, दादाला फोन करू नकोस. जमणार नसेल तर आजच सांग, मी दुसऱ्या कुणाला तरी विचारते.’

निरोप लांब वाटेल, पण त्यातलं प्रत्येक वाक्य पुढची एकेक अडचण टाळतं. ‘रिक्षाने’ हा शब्द मुद्दाम आहे. मैत्रीण स्कूटर घेऊन आली तर गुंगीतल्या माणसाला मागे बसवून नेणं धोक्याचं आहे. तोल जातो आणि पकड सैल होते. स्वतः गाडी चालवणं तर 24 तास बंद. महत्त्वाच्या कागदांवर सही करणं आणि दारू पिणंही तेवढा वेळ वर्ज्य. दादाबद्दलचं वाक्यही तितकंच गरजेचं. मैत्रिणीने काळजीपोटीच फोन केलेला असतो, पण आपल्याला कळायच्या आधी आपली बातमी नात्यात पोचलेली असते. आणि ‘जमणार नसेल तर’ हे लिहिल्याने समोरची व्यक्ती नाही म्हणायला मोकळी होते. भिडेखातर हो म्हणून सोमवारी रात्री माघार घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण सोबत कुणी नसेल तर अनेक ठिकाणी तपासणी पुढे ढकलतात आणि प्यायलेली सगळी पावडर वाया जाते.

कागदावरचे प्रश्नही चारच असावेत. आतड्याच्या शेवटपर्यंत दुर्बीण गेली का? काही मोड, म्हणजे पॉलिप, दिसला का आणि काढला का? तुकडा तपासायला पाठवला असेल तर अहवाल कधी आणि कुठून घ्यायचा? नेहमीच्या गोळ्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या, पुन्हा कधी सुरू करायच्या?

एक काम मात्र मैत्रिणीवर टाकता येत नाही: संमती. आपल्याकडे ‘नातेवाइकाची सही’ इतकी अंगवळणी पडली आहे की मैत्रीण पाहिल्यावर ‘घरचं कुणी नाही का?’ असं विचारलं जातं. पण शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती ही त्याची स्वतःचीच असते. समीरा कोहली यांच्या खटल्यात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. 1995 मध्ये त्या फक्त निदानाच्या तपासणीसाठी भुलीखाली होत्या. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय काढलं. जिवावर बेतलेलं नसताना आईची ती संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. त्यामुळे मोड दिसला तर काढायचा का, तुकडा घ्यायचा का, हे गुंगीआधी स्वतः विचारून, स्वतःच सही करून मोकळं व्हावं. त्याच वेळी डॉक्टरांना सांगावं, ‘ही माझी मैत्रीण. निष्कर्ष हिच्यासमोर सांगितले तरी चालतील.’ हे वाक्य राहिलं तर डॉक्टर गोपनीयतेमुळे तिला काहीच सांगणार नाहीत आणि ते योग्यच असेल.

घरी आल्यावर पोट फुगल्यासारखं वाटणं, गॅस जाणं हे अपेक्षित आहे, कारण तपासणीत आतड्यात हवा भरलेली असते. मैत्रिणीने वाट बघू नये अशी लक्षणं वेगळी आहेत: वाढत जाणारी पोटदुखी, ताप, सतत उलट्या, भरपूर रक्त किंवा डांबरासारखं काळं शौच. आतड्याला भोक पडणं क्वचितच घडतं, पण घडलं तर उशीर जिवावर बेततो. मोड काढला असेल तर रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो. तेवढे दिवस कुणी मुक्कामाला राहणार नाही, म्हणून रुग्णालयाचा तातडीचा क्रमांक दोघींच्याही फोनमध्ये हवा.

तारीख मिळेल त्याच दिवशी असा निरोप धाडा. पावडर प्यायला बसल्यावर रात्री अकरा वाजता कुणाला विचारायचं, ही वेळ येऊ देऊ नका.